पहिल्यांदा घरी गणपती बसवताना

॥ श्री गणेशाय नमः ॥ श्री गुरवे नमः ॥



मागच्या वर्षी श्रावणातल्या एका गुरुवारी सत्संग संपला, प्रसाद वाटून झाला, तरी एक ताई दाराजवळ थांबून होत्या. नाव सांगत नाही. त्या म्हणाल्या, "माझ्या माहेरी गणपती आहे, सासरी नाही. लेकरानं यंदा हट्टच धरलाय. पण सासूबाई म्हणतात, एकदा बसवला की दरवर्षी बसवावाच लागतो, आणि एखाद्या वर्षी चुकलं की घरावर संकट येतं. आमचे हे हैदराबादला कामाला, आठवड्यातून एकदा घरी येतात. मला भीती वाटूलाली."

ही भीती एका घरची नाही. आपल्या भागात कितीतरी घरं हौस असून एवढ्याच धाकानं मागे राहतात. म्हणून आज त्या ताईंच्या घरी काय काय केलं तेच सांगतो. यंदा ज्यांच्या घरी पहिलाच गणपती आहे त्यांना ते कामी येईल.

आधी हा देव कोण आहे ते नीट समजून घ्या. देवघरातला पितळेचा किंवा चांदीचा गणपती रोजचा, तो कायम घरात राहतो. भाद्रपद शुद्ध चतुर्थीला आणायचा तो पार्थिव गणपती. पार्थिव म्हणजे पृथ्वीचा, मातीचा. आपण त्याला आवाहन करून बोलावतो, ठरलेले दिवस ठेवून घेतो आणि निरोप देतो. पाहुणाच म्हणा. हा पाहुणा किती दिवस राहणार ते यजमान संकल्पात सांगतो. दीड दिवस, पाच दिवस, सात दिवस, गौरींबरोबर किंवा अनंत चतुर्दशीपर्यंत, यातलं काहीही चालतं. दीड दिवसाचा गणपती हलका आणि दहा दिवसांचा भारी, असं काही नाही. एका वर्षी पाच दिवस ठेवला आणि पुढच्या वर्षी अडचण म्हणून दीड दिवसच ठेवला, तरी दोष नाही.

मग चुकलं तर? ऐन चतुर्थीला सुतक किंवा सोयर आलं तर त्या वर्षी गणपती आणत नाहीत. पुढच्या वर्षी पुन्हा आणायचा. त्यासाठी वेगळं प्रायश्चित्त नाही, की संकट यायचं कारण नाही. आणि जे घर मुळातच पहिल्यांदा बसवतंय, त्यानं मनात "यंदाच्या वर्षी" असा संकल्प केला तरी तो पुरा होतो. हे ऐकल्यावर त्या सासूबाई जरा सैल झाल्या. मग त्यांनीच विचारलं, "पण आमचा कुलदेव मल्लण्णा, त्याला चालंल का?" त्यांचं घर खानापूरच्या मैलार मल्लण्णाचं. मी म्हटलं, देवघरात कुलदेवापुढं पान-सुपारी ठेवा, नारळ ठेवा आणि सांगा की यंदा गणपती पाहुणा येतोय. झालं. वेगळी चूल असलेल्या घरानं वेगळा गणपती बसवायला हरकत नसते. एकच स्वयंपाक असेल तर भावाभावांत मिळून एकच बसवावा.

आता दिवस किती ठेवायचे? हौस म्हणून ताईंना दहा दिवस हवे होते. मी त्यांना विचारलं, संध्याकाळची आरती रोज कोण करणार? इथं हिशेब करायला लागतो. 2025 ला चतुर्थी 27 ऑगस्टला, बुधवारी होती. मालक बुधवारी सुट्टीला घरी, गुरुवारी पहाटे परत हैदराबादला, पुन्हा शनिवारी रात्री घरी. ताई शाळेत बिसिऊटाचा स्वयंपाक करतात, नऊला घर सोडतात, चारला येतात. घरी सासूबाई आणि अकरा वर्षांचा मुलगा. बुधवार ते रविवार मोजले तर पाच दिवस होतात. पहिल्या दिवशी पूजेला आणि पाचव्या दिवशी निरोपाला मालक घरात, मधले तीन दिवस या तिघांना झेपण्यासारखे. म्हणून पाच दिवस ठरले. तुम्हीही असंच वार-तारखेसकट मांडून बघा. यंदा 2026 ला अधिक ज्येष्ठ आल्यामुळे चतुर्थी 14 सप्टेंबरला, सोमवारी येतेय. त्या सुमारास उडदाची काढणी, मळणी हे सगळं असतं. जो रानात राबणार त्यानं दीड दिवस ठेवला तर देव रागावत नाही. पण दहा दिवस ठेवून पाचव्या दिवसापासून समई कोण लावणार यावरून घरात बोलाचाली होत असेल, तर ते बरं नाही.

मूर्तीचं म्हणाल तर एक वीत, म्हणजे साधारण नऊ इंचांची पुष्कळ झाली. घरातल्या पूजेला हात पुरला पाहिजे, आणि विसर्जनाच्या टोपात ती पूर्ण बुडाली पाहिजे. बसलेली, डावीकडे सोंड वळलेली घ्यावी. उजव्या सोंडेची मूर्ती घेतली तर सोवळ्याचे नियम कडक, असा लोकांचा समज आहे. पहिल्या वर्षी त्या घोरात कशाला पडायचं! मूर्ती मातीचीच हवी. पार्थिव म्हटल्यावर दुसरं काय? बाजारात पीओपीचीही मूर्ती "मातीचीच आहे" म्हणून गळ्यात मारतात. ओळखायची सोपी खूण सांगतो. मूर्ती उलटी करून रंग नसलेल्या तळाला ओलं बोट घासा. माती असेल तर बोटाला चिखल लागतो. पीओपीचा तळ पांढराफेक, टणक राहतो, बोटावर चिखल येत नाही. शिवाय त्याच मापाची पीओपीची मूर्ती हाताला हलकी लागते. शाडूची जड असते. आपल्याकडच्या काळ्या-तांबड्या मातीची कुंभारानं केलेली मिळाली तर सगळ्यात चांगली. ती पाण्यात लवकर विरघळते. शाडू जरा वेळ घेतो.

जागा आदल्या दिवशीच तयार ठेवा. भिंतीला ओल येत असेल तर तिथं चौरंग टेकवू नका. गेल्या वर्षी त्या आठवड्यात पाऊस होता. ताईंच्या घरी आधी कोपऱ्यात जागा धरली होती. तिथं वरून ओघळ यायचा. ओल लागली की कच्च्या मातीचा रंग फुगतो आणि पापुद्रा निघतो. म्हणून चौरंग पूर्वेच्या भिंतीला हलवला आणि भिंतीपासून वीतभर पुढे घेतला. देवाचं तोंड पश्चिमेला आलं, पूजा करणाऱ्याचं पूर्वेला. सजावट थोडीच करा. साडीचा पडदा आणि थर्माकोल समईपासून हातभर लांब असू द्या.

मूर्ती आदल्या दिवशी संध्याकाळी किंवा चतुर्थीला सकाळी आणावी. आणताना तोंडावर रुमाल झाकतात. दारात आल्यावर आणणाऱ्याच्या पायावर पाणी घालावं, मूर्तीवरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकावा, कुंकू लावून निरांजनानं ओवाळावं. मग आत. चौरंगावर लाल कापड, त्यावर मूठभर तांदूळ पसरून त्यावर मूर्ती. एक लक्षात ठेवा, अजून तिच्यात देव यायचा आहे. आणताना बोट मोडलं, सोंडेला चीर गेली, तर घाबरू नका, दुसरी मूर्ती आणा. आधी कुणी ही गोष्ट सांगितलेली नसली की त्याच दिवशी घरात रडारड होते.

पूजेची वेळ. आमच्याकडे सगळे विचारतात राहुकाळ कधी, भद्रा कधी. या व्रताची तिथी आणि वेळ ठरलेली आहे, त्यावर वेगळा मुहूर्त बघायला लागत नाही. मध्यान्हकाळ मुख्य. तो कसा काढायचा? दिवसाचे पाच भाग करा, त्यातला तिसरा भाग मध्यान्ह. सूर्य सव्वासहाला उगवला आणि साडेसहाला मावळला, तर दिवस सव्वाबारा तासांचा. एक भाग साधारण अडीच तासांना थोडा कमी. म्हणजे अकरा वाजून गेल्यापासून दीड वाजेपर्यंत. गुरुजींना त्या दिवशी दहा घरं असतात, ते सकाळी आठला येतो म्हणाले तरी हो म्हणा. पहाटेपासून मध्यान्हापर्यंत केलेली पूजा चालते.

आणि गुरुजी मिळालेच नाहीत तर? ताईंच्या घरी नाहीच मिळाले. मालकांनी स्वतः केली. तुम्हीही करू शकता. आचमन करून तळहातावर पाणी घ्या आणि आपल्या भाषेत सांगा: आज भाद्रपद शुद्ध चतुर्थी, मी अमुक, जनवाड्यात माझ्या घरी, कुटुंबाच्या कल्याणासाठी पार्थिव गणपतीची पूजा करतो आणि पाच दिवस ठेवून घेतो. मग पाणी ताम्हनात सोडा. हा संकल्प. नंतर तांदळाच्या छोट्या राशीवर सुपारी ठेवून तिची पूजा, कलश, शंख, घंटा यांची पूजा.

मग येते प्राणप्रतिष्ठा. पहिल्यांदा करणारा इथं गडबडतो. उजव्या हातात दूर्वा घेऊन मूर्तीच्या छातीला हलकेच लावायची, देवाला "या मूर्तीत येऊन बसा" अशी मनापासून विनंती करायची. पोथीत मंत्र आहेत, येत असतील तर म्हणा. नसतील तर हात तसाच ठेवून पंधरा वेळा ओंकार म्हणा. मग दूर्वेच्या टोकाला तूप लावून डोळ्यांना लावल्यासारखं करा, डोळे उघडले असं समजा. इथून पुढे ती माती राहिली नाही. इथून पुढे निरोपापर्यंत मूर्ती जागेवरून हलवायची नाही. म्हणून चौरंग डगमगतो का, मागं तार-प्लग आहे का, हे सगळं आधी बघा. नंतर सुधारता येत नाही.

पुढे सोळा उपचार. आसन, पाद्य, अर्घ्य, स्नान, वस्त्र, जानवं, गंध, फुलं, धूप, दीप, नैवेद्य असं चालतं. प्रत्येकाला "श्री गणेशाय नमः" म्हणून अर्पण केलं की झालं. चूक बहुतेक स्नानात होते. मूर्ती कच्च्या मातीची आहे, तिच्यावर पंचामृत ओतू नका. पहिल्याच वर्षी एका घरी भक्तिभावानं वाटीभर दूध डोक्यावर घातलं आणि आरतीपर्यंत गालावरचा रंग उतरला होता. दूर्वेनं किंवा फुलानं चार थेंब शिंपडायचे, बाकीचं पंचामृत-पाणी पुढच्या सुपारीवर किंवा देवघरातल्या धातूच्या गणपतीवर घालायचं. कापसाचं वस्त्र गळ्यात सैल घाला. जास्वंदीचं लाल फूल, शमी, आणि एकवीस दूर्वा.

दूर्वा म्हणजे आपल्या रानातली हरळी. वर्षभर जिला शिव्या देत खुरपतो तीच. कोवळी, शेंड्याला तीन पात्यांची खुडावी. एकवीस पाती किंवा एकवीस जुड्या, जुडीत तीन किंवा पाच. एकच काळजी घ्या. धुऱ्यावर तणनाशक मारलेलं असेल तर तिथली खुडू नका. पिवळी पडलेली, टोक जळलेली हरळी दिसली की समजा फवारणी झालीय.

नैवेद्याला उकडीचेच मोदक हवेत हा नियम कोकणातून टीव्हीवर आला. त्यांच्याकडे तांदूळ आणि ओला नारळ. आपल्याकडे गव्हाच्या पिठाचे, सुक्या खोबऱ्या-गुळाचे तळलेले मोदक असतात, नाहीतर पुरणाचे कडबू. ताईंच्या सासूबाईंनी कडबूच केले, एकवीस मोजून. देवापुढे पाण्याचं चौकोनी मंडल काढून त्यावर ताट ठेवा, भोवती पाणी फिरवा, डोळे मिटून जरा वेळ थांबा. मग आरती.

आता रोजचं. ताईंच्या घरी पाच दिवस जे चाललं ते तसंच सांगतो. सकाळी सहाला अंघोळ करून त्या आधी निर्माल्य काढायच्या. फुलं ओढायची नाहीत, ती ओलसर मूर्तीला चिकटतात, ओढली की रंग येतो. एकेक उचलायचं. मूर्ती ओल्या फडक्यानं पुसायची नाही. मग थेंबभर पाणी शिंपडून गंध, हळद-कुंकू, अक्षता, ताजी फुलं, एकवीस दूर्वा, उदबत्ती, निरांजन, गूळ-खोबऱ्याचा नैवेद्य, आणि एक गणपतीची आरती. वीस मिनिटांत होतं. नऊला त्या शाळेकडे. दुपारी सासूबाई घरात जे शिजलं असेल, वरण-भात-भाकरी, त्याचंच ताट दाखवायच्या. वेगळा गोडाचा स्वयंपाक रोज करायचा नाही हे आधीच ठरलं होतं. घरात कांदा-लसूण तेवढे पाच दिवस बंद. संध्याकाळी दिवेलागणीला, सातच्या सुमारास, समई लावून मोठी आरती.

अखंड दिवा ठेवायचाच असं नाही. रात्री सगळे झोपल्यावर समई विझलेली बरी, विशेषतः कुडाच्या आणि पत्र्याच्या घरात. विझवायची ती फुंकून नाही, फुलानं. सकाळी पुन्हा लावायची. तुपाचा दिवा देवाच्या उजव्या हाताला, तेलाचा डाव्या.

आरतीचा क्रम एकदा कागदावर लिहून भिंतीला लावा. आधी गणपतीची, समर्थ रामदासांची. मग शंकराची, देवीची, विठ्ठलाची. आणि दत्ताची. आपल्या भागात ती गाळून चालत नाही. गाणगापूर कलबुर्गी जिल्ह्यातच, हुमनाबादला माणिकप्रभूंचं माणिकनगर. या पट्ट्यातली आरती दत्तापाशी आल्याशिवाय पुरी वाटत नाही. शेवटी घालीन लोटांगण, मंत्रपुष्पांजली, प्रदक्षिणा, प्रसाद. घाई असेल त्या दिवशी गणपतीची आणि दत्ताची, एवढ्या दोन. निरांजन देवाच्या पायापासून वर मुखापर्यंत आणि मग उजवीकडून गोल, सावकाश फिरवावं. पोरं टाळ्या वाजवत ओरडतात ते चालतं, शब्द तेवढे नीट शिकवा. "संकटी" म्हणायचं तिथं सगळीकडे "संकष्टी" म्हणतात, आणि "फणिवर"चं "फळीवर" होतं. देवाला फळीवर बसवू नका.

शुक्रवारी ताईंना अडचण आली. त्यांनी घाबरून फोन केला. पूजा थांबत नाही. घरातला दुसरा हात करतो. त्या दिवसापासून सकाळची पूजा सासूबाईंनी केली, संध्याकाळची आरती मुलानं. मुंज न झालेल्या मुलानं "श्री गणेशाय नमः" म्हणत फूल वाहायला काही अडत नाही. त्यानं दोन दिवसांत क्रम पाठ केला. आजीला तो आवाज टाकत होता, "दत्ताची राहिली!"

मध्येच मूर्तीला धक्का लागून काही मोडलं तर काय करायचं? किरकोळ कपरी उडाली तर पूजा चालू ठेवा. हात, सोंड असं मोठं भंगलं तर मूर्तीवर अक्षता टाकून, दहीभाताचा नैवेद्य दाखवून विसर्जन करा. पहिल्याच दिवशी झालं आणि मनाला लागून राहिलं तर दुसरी मूर्ती आणून पूजा करता येते. अपशकुन म्हणून कुणाला बोल लावायचा नाही. मातीची वस्तू आहे, मोडते.

रविवारी दुपारी चारला उत्तरपूजा झाली. गंध, फूल, दूर्वा, दही-पोह्यांचा नैवेद्य, आरती. मग यजमानानं अक्षता वाहून "पुन्हा या" म्हणायचं आणि मूर्ती जागेवरून किंचित हलवायची. तेवढ्यानं प्रतिष्ठा उतरते. यानंतर बोट मोडलं तरी काही नाही. फुलं, कापसाचं वस्त्र, जानवं काढून वेगळं ठेवायचं. बरोबर शिदोरी म्हणून दहीभात.

मांजरेला न्यायचं का, यावर घरात वाद झाला. भाद्रपदात नदीला पाणी असतं, काठ घसरडा, आणि लेकरं पुढं पुढं करतात. मी घरीच करा म्हणालो. अंगणात तुळशीजवळ मोठा टोप ठेवला, मूर्ती पूर्ण बुडून वर चार बोटं पाणी राहील इतका. मालकांनी दोन्ही हातांनी तीन वेळा पाण्याला टेकवून वर उचलली आणि सावकाश सोडली. तळाशी टेकेपर्यंत हात काढायचा नाही, नाहीतर ती कलंडते आणि लेकरं रडतात. पिण्याच्या आडात किंवा बारवेत मात्र कुणी सोडू नये. काळ्या मातीची मूर्ती रात्रीतून विरघळते, शाडूला दोन दिवसही लागतात. काठीनं ढोसू नका. गाळ खाली बसला की वरचं पाणी झाडांना आणि गाळ रानात पसरा. तुळशीच्या कुंडीत शाडूचा गाळ घालू नका, तो वर थापून बसतो, पाणी मुरत नाही.

चौरंगावरचे ते मूठभर तांदूळ घरच्या डब्यात परत घालायचे. टोपातली चिमूटभर माती ताईंनी चौरंगावर आणून ठेवली, निरांजन ओवाळलं, आणि मग चौरंग उचलला. सोमवारी सकाळी सासूबाईंचा फोन आला. कोपरा रिकामा दिसतोय म्हणत होत्या. आणि पुढच्या वर्षी चतुर्थी कुठल्या वारी येते, तेही विचारत होत्या.

ज्यांच्या घरी यंदा पहिलाच गणपती आहे त्यांनी घरात कोण कुठल्या दिवशी असतं ते लिहून गुरुवारी सत्संगाला आणावं. किती दिवस ठेवायचे ते बसून ठरवू. मूर्ती त्यानंतरच सांगा.

॥ श्रीगुरुचरणार्पणमस्तु ॥